‘Try Again Later’ म्हणजे नेमकं कधी?

इन्स्टाग्रामवर कुणाला फॉलो करायचं म्हणजे निळं बटण दाबायचं. ते राखाडी होतं, त्यावर ‘Following’ असं येतं आणि काम झालं. पण कधीतरी ते क्षणभर राखाडी होतं आणि लगेच पुन्हा निळं होतं. पुन्हा दाबलं तरी तेच. लाइक केलं तर बदाम लाल होतो आणि डोळ्यांदेखत विझतो. मग पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवते. पूर्वी तिच्यावर ‘Action Blocked’ असं लिहिलेलं असायचं, अलीकडे बहुतेकांना ‘Try Again Later’ दिसतं. खाली एक-दोन ओळी असतात. समाजाच्या सुरक्षिततेसाठी आम्ही काही गोष्टींवर मर्यादा घालतो, आमची चूक झाली असं वाटत असेल तर सांगा, असा त्यांचा आशय. नंतर प्रयत्न करा म्हणजे कधी, तासाभराने, उद्या की पुढच्या आठवड्यात, ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

हा निरोप पाहून माणसं दोन टोकांना जातात. काहींना वाटतं अकाउंट हॅक झालं, काहींना वाटतं अकाउंट गेलं. यातलं काहीच झालेलं नसतं. तुमचं पान जागेवर असतं, फोटो जागेवर असतात, येणारे मेसेज येत असतात. फक्त एक ठरावीक कृती, बहुधा फॉलो किंवा लाइक, काही काळापुरती तुमच्या हातून काढून घेतलेली असते. कारण साधं आहे. तुम्ही ती कृती इतक्या भराभर केली की समोरच्या यंत्रणेला तुमच्या जागी माणूस नसून एखादी आज्ञावली बसली आहे अशी शंका आली.

साहजिकच पुढचा प्रश्न येतो, भराभर म्हणजे किती? इंटरनेटवर याची तयार उत्तरं पोत्यांनी मिळतात. तासाला ६० फॉलो, दिवसाला १५०, नव्या अकाउंटला त्याच्या निम्मे, अशी कोष्टकं लोक एकमेकांना पाठवत असतात. यातला एकही आकडा इन्स्टाग्रामने वापरणाऱ्यांसाठी जाहीर केलेला नाही. त्यांनी उघडपणे सांगितलेली मर्यादा वेगळीच आहे. एका अकाउंटवरून एकूण ७,५०० पेक्षा जास्त जणांना फॉलो करता येत नाही. ती एका वेळी यादीत किती जण असू शकतात याची मर्यादा झाली, वेगाशी तिचा संबंध नाही. तासाला ६० हा आकडा बहुधा एका जुन्या जागेतून आलेला असावा. बाहेरच्या कंपन्यांना आपल्या अ‍ॅपमधून इन्स्टाग्रामशी जोडून घेता यायचं, तेव्हा त्यांच्यासाठीच्या तांत्रिक कागदपत्रांत लाइक, कॉमेंट आणि फॉलो यांना प्रत्येकी तासाला ६० अशी मर्यादा लिहिलेली होती. २०१८ मध्ये ती सोयच बंद झाली. आकडा मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, याबाबत सरळ आहे. दिवसाला १,००० जणांना फॉलो करता यायचं, ते एप्रिल २०१९ मध्ये ४०० वर आणलं आणि तसं जाहीरही केलं. इन्स्टाग्राम असं का करत नाही, त्याला कारण आहे. त्याकडे थोड्या वेळाने येऊ. आधी ही मर्यादा चालते कशी ते बघू.

वेगावर लगाम घालायची संगणकशास्त्रात एक रूढ पद्धत आहे, तिला टोकन बकेट म्हणतात. इन्स्टाग्रामच्या आतली रचना यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची असणार, पण बाहेरून जो अनुभव येतो तो या पद्धतीने चांगला समजतो. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. तिच्यात बारीक धारेने सतत पाणी पडत असतं आणि प्रत्येक फॉलो म्हणजे एक तांब्या पाणी काढणं. दिवसभरात अधूनमधून तांब्या काढला तर टाकी कधी रिकामी होत नाही. एकदम भरभरून काढायला लागलात तर तळ दिसतो, आणि मग धार पुरेसं पाणी टाकेपर्यंत थांबावंच लागतं. म्हणून आठवडाभरात ९० जणांना फॉलो करणाऱ्याला काही होत नाही आणि तेवढेच फॉलो अर्ध्या तासात करणारा अडकतो.

आता मेख अशी की प्रत्येकाची टाकी सारखी नसते. पाच वर्षांपूर्वीचं, रोज वापरातलं, फोन नंबर पडताळलेलं अकाउंट आणि काल रात्री उघडलेलं, एकही फोटो नसलेलं अकाउंट यांना एकच माप लावलं जात नाही. शेजारणीने एका बसणीत शंभर जणींना फॉलो केलं आणि तिला काही झालं नाही, मग मलाच का, या तक्रारीचं उत्तर बरंचसं इथे आहे. शिवाय यंत्रणा फक्त संख्या मोजत नाही. दोन फॉलोंमधलं अंतर प्रत्येक वेळी जवळजवळ सारखं आहे का, समोरचं पान न उघडता नुसत्या यादीतून बटणं दाबली जात आहेत का, आज फॉलो केलेल्यांना परवा झाडून अनफॉलो केलं जातंय का, हेही बघितलं जातं. अनफॉलो हीसुद्धा एक कृतीच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्लॉक लागल्यावर घाबरून दोनशे जणांना भराभर काढून टाकणारे स्वतःचं प्रकरण आणखी चिघळवतात.

एक नमुना रचून बघू. डोंबिवलीच्या एक काकू दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या ऑर्डरी घेण्यासाठी इन्स्टाग्रामवर नवं अकाउंट उघडतात. चकलीचे तीन फोटो टाकतात. पुतण्या सांगतो, “काकू, आपल्या भागातल्या खाण्यापिण्याच्या एखाद्या मोठ्या पानाचे फॉलोअर्स बघा आणि त्यांना फॉलो करा, त्यातले निम्मे तरी तुम्हाला उलट फॉलो करतील.” रात्री साडेआठला काकू बसतात आणि नऊपर्यंत नव्वद जणांना फॉलो करून मोकळ्या होतात. म्हणजे वीस सेकंदांना एक. माणसाच्या बोटाला हा वेग काही फार नाही, पण पहिल्याच दिवशी, कुणाचंही पान न उघडता, एकाच यादीतून सलग केलेलं हे काम बाहेरून पाहिलं तर अगदी यंत्रासारखं दिसतं. नव्वदीच्या आसपास बटण पुन्हा निळं व्हायला लागतं आणि ती चौकट येते.

काकू काय करतात? आपण सगळे जे करतो तेच. पुन्हा दाबून बघतात. अ‍ॅप बंद करून उघडतात, पुन्हा दाबतात. झोपायच्या आधी एकदा, सकाळी दूध तापायला ठेवून एकदा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॉलो चालू होतं. “सुटलं एकदाचं,” म्हणत त्या राहिलेली यादी हातात घेतात, पन्नास जण होतात आणि चौकट परत येते. या वेळी तिच्यावर आठवड्यानंतरची तारीख असते.

पहिला ब्लॉक साधारण दिवसाभराचा आणि दुसरा आठवड्याचा, हा क्रम अनेकांच्या अनुभवाशी जुळतो. कंपनीने पक्कं वेळापत्रक कुठे दिलेलं नाही. फेसबुकच्या मदतकेंद्रात अशा तात्पुरत्या बंदीविषयी काही तासांपासून काही दिवसांपर्यंत, एवढंच म्हटलेलं आढळतं. पण वापरणाऱ्यांचे अनुभव एकत्र ठेवले तर त्यात एक चढती भाजणी दिसते. अगदी हलका ब्लॉक काही मिनिटांत किंवा दोन-चार तासांत आपोआप विरतो. अनेकांना तो लागला होता हे कळतही नाही, नेट गंडलं असं वाटून ते पुढे जातात. पहिल्यांदा नीट चौकट दिसलेल्या माणसाचा ब्लॉक बहुतेक वेळा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सुटतो. सुटल्या सुटल्या पुन्हा तोच उद्योग केला, किंवा मागे एखादं ऑटोमॅटिक फॉलोअर्स वाढवणारं अ‍ॅप सापडलं, तर तीन दिवस, आठवडा असं प्रकरण लांबतं. पंधरवडा किंवा महिनाभराचे ब्लॉक वारंवार तेच करणाऱ्यांच्या वाट्याला येतात. त्याहून लांबलेली गोष्ट बहुधा ब्लॉक नसतेच, तेव्हा अकाउंटवर दुसरीच काही कारवाई झालेली असण्याची शक्यता धरावी.

चौकटीवर तारीख छापलेली असेल तर ती प्रमाण मानावी, त्याआधी सुटका क्वचितच होते. तारीख नसेल तर चोवीस तास हा पहिला अंदाज धरायला हरकत नाही, मात्र ते मोजायचे शेवटच्या प्रयत्नापासून. रात्री बारा वाजता सगळा हिशेब शून्यावर येतो अशी एक समजूत आहे. तिच्यावर विसंबून बाराच्या ठोक्याला फोन घेऊन बसू नये. अशा यंत्रणा बहुधा कॅलेंडरचा दिवस मोजत नाहीत, मागे सरकत जाणारी खिडकी मोजतात. गेल्या तासात किती, गेल्या चोवीस तासांत किती, असं. एक्सने तर आपल्या पोस्टच्या दैनंदिन मर्यादेचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडल्याचं स्वतःच सांगितलं आहे.

आता तो राहिलेला प्रश्न. इन्स्टाग्राम आकडा लपवून का ठेवतं? याचं फार बोलकं उत्तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सापडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी फेसबुकमधल्या लोकांबरोबर ते केलं होतं. पैसे घेऊन फॉलोअर्स वाढवून देणाऱ्या सेवांचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यासाठी त्यांनी खास अकाउंटं तयार केली आणि ती या सेवांच्या हवाली केली. धंद्याच्या दोन तऱ्हा दिसल्या. काही सेवा गिऱ्हाइकाचा पासवर्ड घेऊन त्याच्याच अकाउंटवरून अनोळखी लोकांना फॉलो आणि लाइक करत सुटतात, त्यातले काही जण उलट फॉलो करतील या भरवशावर. दुसऱ्या सेवा गिऱ्हाइकांची अकाउंटं एकमेकांना लाइक आणि फॉलो करायला लावतात.

खरी गंमत त्यानंतरच्या प्रयोगात आहे. या सेवांच्या ताब्यातल्या काही अकाउंटांना मर्यादा ओलांडताच जागच्या जागी अडवलं गेलं. काहींना अडवलं नाही, फॉलो होऊ दिले आणि नंतर गुपचूप काढून टाकले. जिथे अडवलं तिथे सेवा चलाखपणे सावरल्या. अडवणूक लक्षात येताच त्यांनी वेग कमी केला आणि मर्यादेच्या जेमतेम खाली राहून काम चालू ठेवलं. जिथे फॉलो नंतर निमूटपणे काढले गेले, तिथे त्यांनी तसा काही बदल केलाच नाही, कारण आपण पकडले गेलोय याचा इशाराच त्यांना मिळाला नव्हता.

थोडक्यात, तुम्हाला चिडवणारी ती चौकट फसवणाऱ्यांच्या दृष्टीने मोलाची माहिती असते. तिच्यात आकडा लिहिला तर त्यांचं काम आणखी सोपं होईल. निरोप मोघम ठेवण्यामागे आळस नाही, हिशेब आहे. तरीही, प्रामाणिक माणसाला निदान मुदत तरी सांगावी असं मला वाटतं. किती दिवस थांबायचं हे कळल्याने चोराला मर्यादा कळत नाही, आणि फराळवाल्या काकूंची झोप वाचते. काही चौकटींवर तारीख असते, म्हणजे सांगणं अशक्य नाही.

या संशोधनाने आणखी एक कोडं उलगडतं. काल पन्नास जणांना फॉलो केलं, निरोप काहीच आला नाही, आणि आज त्यातले बरेच यादीतून गायब. समोरच्यांनी तुम्हाला काढलं असेल, तसंच हे यंत्रणेने मागाहून झाडलेलंही असू शकतं.

फॉलोअर्स वाढवून देणाऱ्या अ‍ॅपचा मुद्दा इथे सोडून चालणार नाही, कारण लांबलेल्या ब्लॉकमागे पुष्कळदा तेच निघतं. काकूंच्या फोनमध्येही पुतण्याने हौसेने असं एक अ‍ॅप टाकून, पासवर्ड देऊन ठेवलं होतं असं समजा. काकू झोपलेल्या असताना ते अ‍ॅप त्यांच्या नावाने कुठल्या कुठल्या लोकांना लाइक करत होतं. काकूंनी आठवडाभर हात लावला नाही तरी अ‍ॅप थांबत नाही आणि ब्लॉक सुटत नाही. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की अशा अ‍ॅपमधून आलेले लाइक, फॉलो आणि कॉमेंट काढून टाकले जातील आणि ती वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं जाईल. नुसतं अ‍ॅप फोनमधून काढून उपयोग नसतो, कारण पासवर्ड त्यांच्या सर्व्हरवर बसलेला असतो. तो बदलला आणि बाकी सगळीकडून लॉगआउट केलं की मगच त्यांचा हात सुटतो. सेटिंगमधल्या ‘Apps and websites’ या पानावर जाऊन तिथे कुणाला परवानगी दिली आहे तेही बघावं. हा बाजार आपल्याकडेही भरलेला आहे. जुलै २०२० मध्ये एका गायिकेच्या नावाने बनावट प्रोफाइल उघडल्याच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने तपास सुरू केला, तो पुढे खोटे फॉलोअर्स आणि लाइक विकणाऱ्यांपर्यंत जाऊन पोचला होता.

“टाकलीये पोस्ट, सगळ्यांनी पाच मिनिटांत लाइक करा” असे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही याच वर्गात मोडतात. त्यात पैसे नसतात, भावना चांगली असते, पण तीच ती चाळीस अकाउंटं रोज एकाच वेळी त्याच त्या पोस्ट लाइक करत असतील तर ती ठळक उठून दिसतात. एकत्र हालचाल करणारी अकाउंटं हुडकणारी सिंक्रोट्रॅप नावाची पद्धत फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर वापरून झाली, त्याला दहा वर्षं उलटून गेली. २०१४ च्या त्या अहवालानुसार तिने एका महिन्यात वीस लाखांहून जास्त संशयास्पद अकाउंटं शोधून काढली होती.

ब्लॉक खरंच आहे की नेट कमकुवत आहे, हे ताडून बघणं अवघड नाही. एकच फॉलो करा, थोडं थांबा आणि पान खाली ओढून ताजं करा. फॉलो टिकला तर प्रश्न नेटचा होता. टिकला नाही, पण फोटो टाकता येतोय, मेसेज जातोय, तर ब्लॉक फक्त त्या कृतीवर आहे. त्याच फोनवर घरातल्या दुसऱ्या कुणाचं अकाउंट असेल आणि तेही अडकलं असेल, तर शंका अकाउंटवर नसून फोनवर किंवा इंटरनेटच्या पत्त्यावर आहे असं समजावं. आपल्याकडे हा दुसरा प्रकार अगदीच दुर्मिळ म्हणता येणार नाही. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना बाहेरच्या जगासमोर एकाच आयपी पत्त्याआडून नेतात, त्यामुळे त्याच पत्त्यावरच्या भलत्याच कुणाच्या करणीचा थोडा डाग तुम्हालाही लागू शकतो. अशा वेळी मोबाइल डेटावरून घरच्या वायफायवर गेल्यावर काम होतं. अकाउंटवरच ब्लॉक असेल तर मात्र नेट बदलून काहीच साधत नाही. व्हीपीएन लावून बघू नये. अचानक परदेशातून लॉगिन झालेलं दिसलं की संशय वाढतो आणि वर ओळख पटवायचे सोपस्कार मागे लागतात.

चौकटीतलं ‘Tell us’ एकदा दाबून ठेवावं, सात-आठ वेळा नाही. सेटिंगमध्ये ‘Account Status’ नावाचं पान आहे. तुमच्यावर आणखी काही कारवाई झाली असेल तर ती बहुधा तिथे दिसते. तिथे सगळं हिरवं असेल तर नुसतं थांबायचं. थांबायचं म्हणजे त्या कृतीला अजिबात हात लावायचा नाही, मध्येच चाचपूनही बघायचं नाही. दर प्रयत्नाने मुदत वाढते असं कंपनीने कुठे लिहिलेलं नाही. पण सतत बटण दाबत राहणाऱ्यांचे ब्लॉक लांबल्याचे अनुभव इतके आहेत की ती जोखीम घेण्यात अर्थ नाही. याच काळात “चोवीस तासांत अनब्लॉक करून देतो” असं म्हणणारे लोक कॉमेंटमध्ये आणि मेसेजमध्ये हटकून उगवतात. त्यांच्या हातात काहीही नसतं. ते ओटीपी मागतात आणि अकाउंट खरोखरच घेऊन जातात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

काकूंचं पुढे काय? पासवर्ड बदलला, अ‍ॅप गेलं, चौकटीवरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. मधल्या आठवड्यात फॉलो बंद होतं, पोस्ट नव्हत्या, म्हणून त्यांनी रोज एक छोटा व्हिडिओ टाकला. चकलीचा सोऱ्या, अनारशाचं पीठ, करंजीची मुरड. आलेल्या मेसेजना उत्तरं दिली, डोंबिवलीचं नाव टाकून हॅशटॅग दिले. तारीख उलटल्यावर पहिल्या दिवशी पाच-सहा ओळखीच्यांना फॉलो केलं, तेही त्यांची पानं उघडून, एखादा फोटो बघून. चार-पाच दिवसांनी दिवसाला दहा-पंधरा. यादी धरून बसायचं सोडून दिलं.

तारीख उलटून गेल्यावरही बटण निळंच होत राहिलं तर अ‍ॅप अपडेट करावं, एकदा लॉगआउट होऊन पुन्हा आत जावं आणि ब्राउझरमधून एकच फॉलो करून बघावा. ब्राउझरमध्ये चाललं आणि अ‍ॅपमध्ये नाही, तर दोष अ‍ॅपचा आहे. दोन्हीकडे नाही चाललं तर सेटिंगच्या मदत विभागातून ‘Report a problem’ मध्ये चौकटीचा स्क्रीनशॉट आणि ब्लॉक लागल्याची तारीख पाठवावी, आणि अजून कुठल्या जुन्या फोनवर किंवा पुतण्याच्या लॅपटॉपवर ते अकाउंट उघडं राहिलंय का ते आधी तपासावं.